दहा नखांची साक्ष

मुरुडच्या कोळीवाड्यात भिकूइतक्या थापा कुणी मारत नसे, आणि भिकूइतकं मन लावून ऐकतही कुणाचं नसत. माशाच्या पोटात पितळेची घंटा सापडली, ती वाजवली की बाकीचे मासे आपल्या पायांनी होडीत येतात, असं तो सांगायला लागला की जाळी विणणाऱ्यांचे हात थांबत. "पाय?" असं कुणी विचारलं, तर "म्हनून तर घंटा पायजे" असं उत्तर मिळे. गोष्ट संपली की सगळे मिळून "चल रे थापाड्या" म्हणत आणि पुन्हा कामाला लागत. त्याच्या थापेने कुणाचं वाकडं झालं नव्हतं. कुणी तिच्यावर विश्वास ठेवला असता तर ते झालं असतं.

पण एकोणीसशे तीस-एकतीसच्या सुमारास त्याच्यावर भलतीच पाळी आली. त्याला एक खरी गोष्ट सांगावी लागली.

शिमग्याच्या आठ दिवस आधी तो सुकी मासळी घेऊन राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरला आणि तिथून गाडीने म्हसळ्याच्या बाजाराला गेला. चार दिवसांत येतो म्हणून गेलेला माणूस सत्ताविसाव्या दिवशी उगवला. मधल्या मध्ये शिमगा गेला. होळीच्या दिवशी वाड्यातल्या सगळ्या बायका नवऱ्यांबरोबर नाचल्या आणि भिकूची बायको तुळशी दारात उभी राहून वाटेकडे बघत राहिली. त्यातच कुणीतरी बातमी आणली, की म्हसळ्याला तमाशाचा फड उतरला होता आणि भिकू पहिल्या रांगेत दिसला होता.

परत आला तो काडीसारखा वाळून. "रानात ताप भरला. कोळसा पाडनाऱ्या कातकऱ्यांनी खोपटात ठेवला मला. वीस दिवस डोळा उघडला न्हाय," असं त्याने सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "चल रे थापाड्या."

त्याने साक्षीला कातकरी आणायचं ठरवलं, तर ते कोळशाची भट्टी मोडून कधीच दुसऱ्या डोंगराला गेले होते. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी त्याचे केस मूठमूठ गळायला लागले, तेव्हा विहिरीवर बायकांनी त्याचाही अर्थ लावला. "नाचनारीनं उपटले असतील." तुळशीने ते ऐकलं, हंडा तिथेच ठेवला आणि शेजारच्या आळीत बापाच्या घरी निघून गेली. तिचा बाप अनंता म्हणजे वाड्यातला मोठा तांडेल, भिकू ज्या होडीवर जाई त्या होडीचा म्होरक्या. त्याने जमातीपुढे गाऱ्हाणं घातलं, की पोरीची काडीमोड करून द्या. येत्या रविवारी जमात बसायची होती.

आता वैशाख संपत आला होता. होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारल्या होत्या आणि जाळ्यांना ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून रंग द्यायचं काम चाललं होतं. भिकूचे हात कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. पण त्याला एक नवीनच त्रास सुरू झाला. जाळं दुरुस्त करताना दोरा नखात अडकायचा. एका नाही, सगळ्यांत. दोऱ्याला ओढ बसली की कळ जाई. गुरुवारी तो बाजारपेठेतल्या यज्ञेश्वर डॉक्टरांकडे गेला.

यज्ञेश्वर डॉक्टर मूळचे नागावचे, वाडीवाल्यांच्या घरातले. त्यांचे भाऊ नारळ मोजत आणि हे लोकांची नखं बघत. नाडी धरायच्या निमित्ताने हात हातात घ्यायचा आणि डोळे मात्र बोटांच्या टोकांकडे, ही त्यांची खोड. नाडी बोलते ते आजचं, नख बोलतं ते गेल्या सहा महिन्यांचं, असं त्यांचं म्हणणं.

भिकूने काय सांगायचं ते वाटेतच ठरवून ठेवलं होतं. एका शिंगाळा माशाने दहाही बोटं तोंडात धरली, मग आपण त्याला गुदगुल्या केल्या, वगैरे. पण तोंड उघडायच्या आत डॉक्टरांनी त्याचा हात खिडकीशी नेला, भिंगातून पाहिला आणि विचारलं, "अडीच-तीन महिन्यांपूर्वी तू मोठ्या आजाराने पडला होतास काय रे?"

भिकूच्या जन्मात पहिल्यांदा असं झालं होतं, की त्याने काही सांगायच्या आधीच कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला.

"तुमाला कुनी सांगितलं, डाक्तर?"

"हे बघ." डॉक्टरांनी स्वतःच्या नखाने त्याच्या नखावर आडवी रेघ दाखवली. तिथे बारीक खाच होती, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, दोन्ही हातांना, साधारण एकाच उंचीवर. "नख मुळाशी तयार होतं. माणूस मरणाच्या दारात गेला की शरीर म्हणतं, आधी जीव सांभाळू, नखांचं मग बघू. तेवढे दिवस नख नीट बनत नाही. माणूस उठला की पुन्हा बनायला लागतं, आणि मधे ही खाच राहते. ती नखाबरोबर पुढे सरकत जाते. तुझा दोरा तिच्यात अडकतो. ताप किती दिवस होता?"

भिकू स्टुलावर बसला आणि रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "डाक्तर, रविवारी जमातीला येता का?"

"मी कशाला? माझं काम औषध देण्याचं."

"मग ह्येच औषध द्या. बाकी काय नको."

*

रविवारी दुपारी देवळापुढच्या मांडवात जमात बसली. मधे नामा पाटील, भोवती पंच, एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका. तुळशी बायकांच्या मागच्या रांगेत, पदर घट्ट खोचून. अनंता तांडेल पुढे. सगळे बाप्ये उघड्या अंगाने बसलेले आणि त्या उकाड्यात एकटा अनंता लांब बाह्यांचा सदरा घालून. गेली दोन-तीन वर्षं त्याची ही तऱ्हा होती. तांडेल आता साहेब झाला, असं लोक मागे म्हणत. पुढे म्हणायची कुणाची छाती नव्हती.

डॉक्टरांना खुर्ची दिली. त्यांनी ती बाजूला सारली आणि चटईवर बसून भिकूचा हात हातात घेतला.

"पाटील, याच्या दहाही नखांवर आडवी खाच आहे. एकाच नखावर असती तर मी म्हटलं असतं, मार लागला. दहांवर एकदम मार लागत नाही. हा सगळ्या अंगाचा आजार. माझ्या अंदाजाने मुदतीचा ताप. केस गळले तेही त्यानेच. मोठा ताप आला की दोन-तीन महिन्यांनी गळतात, पुढे परत येतात."

विहिरीवरच्या बायका इकडे-तिकडे बघू लागल्या.

"पन कवाचा ताप?" पाटलाने विचारलं. "तो पोरपनीचा बी असंल."

"पोरपणीचं नख कापून कधीच गेलं. नख महिन्याला तांदळाच्या दाण्याच्या रुंदीहून थोडं जास्त वाढतं. त्याचं मूळ कातडीखाली लपलेलं, त्यामुळे खाच बाहेर दिसायलाच महिना-दीड महिना जातो. बाहेर आल्यावर ती दोन दाण्यांच्या जवळपास पुढे सरकली आहे. करा हिशोब. शिमगा येतो. आठ-पंधरा दिवस मागे-पुढे धरा, त्याहून बारीक सांगायला मी काही ज्योतिषी नाही."

मांडवात कुजबुज उठली. तेवढ्यात अनंताचा पुतण्या सदा उभा राहिला. होडीवर वल्ह्याला पहिला, भांडणालाही पहिला.

"पाटील, डोळं हायत का न्हाय? त्या रेघा तपकिरी हायत! सालीच्या रंगानं ह्यानंच काढल्यात काडीनं. डाक्तर बामनाघरचा, त्यास्नी काय ठाऊक जाळ्याचा रंग?"

सगळे पुढे वाकले. रेघा खरंच तपकिरी होत्या. भिकूने आयुष्यात केलेल्या करामती प्रत्येकाला एकदम आठवल्या आणि मांडवात हशा झाला. भिकू आपल्या बोटांकडे असा बघत राहिला, जणू आता तीही उलटली.

डॉक्टर गोंधळले. त्यांच्या दवाखान्याच्या खिडकीत जे आजाराचं चिन्ह होतं ते इथे जाळ्याचा रंग झालं होतं. क्षणभर त्यांनीही भिकूकडे संशयाने पाहिलं, हे कबूल करायला हवं. मग म्हणाले, "राख आणा. आणि काथ्या."

भिकूची आत्या, गोदूबाई, चुलीतली राख घेऊन आली. तिने भाच्याचे हात असे घासले, की तो माशासारखा उड्या मारू लागला. "गप रे, मेल्या! तापात मेला न्हाईस, राखेनं मरनार व्हय?" रंग फिकट झाला, काही रेघांतला तर गेलाच.

"आता पाटील, डोळे मिटा आणि तुमचं नख याच्या नखावरून मुळापासून टोकाकडे फिरवा."

पाटलाने डोळे मिटून नख फिरवलं. थांबला. दुसऱ्या बोटावर फिरवलं. पुन्हा थांबला. तिसऱ्यावर.

"ठेच लागते," तो म्हणाला.

"काडीने रंगाची रेघ काढता येते. खड्डा काढता येत नाही. खड्डा होता म्हणून रंग त्यात बसला."

आता सदा खाली बसायला हवा होता. पण तो म्हणाला, "भिकूनं दवाखान्यात समदं आधी सांगितलं असंल, मग डाक्तर बोलले. नखं बोलतात तर आमची बोलवा! आमी तर काय सांगितलं न्हाय!"

ही गोष्ट मात्र साऱ्या जमातीला पटली. काडीमोडीपेक्षा ही करमणूक चांगली. पाटीलसुद्धा मांडी बदलून म्हणाला, "व्हय, डाक्तर. परीक्षा होऊ द्या."

राखेचा हात घेऊन पहिली गोदूबाईच पुढे आली. "माझी बघ, लेकरा. माझ्या नखांवर रेघाच रेघा हायत. मला कंचा ताप आला व्हता?"

डॉक्टरांनी पाहिलं. "आत्याबाई, या उभ्या रेघा. मुळापासून टोकापर्यंत. याला आजार म्हणत नाहीत. केस पिकतात तशी नखं सुरकुततात. वय झालं की येतं."

"वय? कुनाचं वय?"

बायकांत हसू फुटलं. गोदूबाईने हात झटकन मागे घेतला. "ह्याला काय कळत न्हाय, पाटील. ह्याचं ऐकू नका."

"आत्या, तो माझा साक्षीदार हाय!" भिकू ओरडला.

मग सदाने हात पुढे केला. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या नखांखाली, टोकाशी, बारीक काळपट-लाल उभ्या रेघा होत्या, बांबूची कूस शिरल्यासारख्या. त्यातल्या एका बोटाचं टोक सुजलं होतं.

"हे सुईने कोरतोस?"

सदा दचकला. "फास हायत, वल्ह्याच्या लाकडाच्या. निघत न्हाईत."

"निघणार कशा? फास नाहीतच. नखाखालच्या बारीक नसा फुटून रक्त साकळलंय. ठोके बसले की होतं. होड्या वर ओढल्यात तेव्हापासून ठोकाठोकी करतोस ना? उजव्या हाताने पाचर धरतोस, म्हणजे तू डावखुरा. रेघा नखाबरोबर पुढे सरकून आपोआप जातील. सुई मात्र थांबव, बोट पिकलंय तुझं."

सदा डावखुरा होता. अनंताच्या होडीची फळी आठ दिवस तोच बसवत होता. मांडवात "अरे वा" झालं. पण डॉक्टर हात सोडीनात. त्यांनी उरलेली आठ बोटंही पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढली, आणि चक्क सदाच्या छातीला कान लावला.

"आता काय झालं?" सदाचा आवाज बारीक झाला.

"ताप येतो? दम लागतो? सांध्यांत दुखतं?"

"न्हाय."

"मग काही नाही. अशा रेघा बऱ्याच बोटांना आल्या, मार नसताना आल्या आणि जोडीला ताप असला, तर मी काळजाचा आजार शोधतो. तुझ्या काळजात काही नाही."

"त्ये आमाला ठाऊकच हाय," गोदूबाई म्हणाली, आणि सदा जो खाली बसला तो पुन्हा उठला नाही.

आता लोकांना चेव आला. "तांडेलाचं बघा! तांडेलाचं!" अनंता नको-नको म्हणत होता, हात सदऱ्याच्या बाहीत ओढत होता, पण शेजारच्या पंचाने थट्टेने त्याचं मनगट धरून पुढे केलं. भिकू डॉक्टरांच्या मांडीला मांडी लावून बसलेला, त्यामुळे त्याने नखं डॉक्टरांइतक्याच जवळून पाहिली. नखांवर बारीक बारीक टोचे होते, शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तानावर असतात तसे. दोन नखांची टोकं मांसापासून सुटून पिवळी पडली होती.

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि फक्त अनंताला ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं, "कोपरावर, गुडघ्यावर लाल चट्टे आहेत? वर चांदीसारखा कोंडा?"

अनंताचा चेहरा राखेसारखा झाला. त्याचे ओठ हलले. "महारोग. मला ठाऊक हाय. बोलू नका, तुमच्या पाया पडतो."

हे भिकूने ऐकलं. तो सोडून कुणी नाही. आणि त्याला एकदम पुष्कळ काही कळलं. हा माणूस दोन वर्षं सदरा का घालतो, नातवंडांना उचलून का घेत नाही, घरात वेगळी थाळी का ठेवतो. तुळशी गेल्या आठवड्यात आत्याला म्हणाली होती, बाप मला जवळ बसवत न्हाय, माझ्यावर राग असंल. तो राग नव्हता.

"काय म्हनाले डाक्तर? काय निघालं तांडेलाच्या नखात?" लोक मागून ओरडत होते. "भिक्या, तू ऐकलंस. काय म्हनाले?"

भिकूने अनंताकडे पाहिलं. समोर बसलेला हा माणूस त्याची बायको कायमची तोडून न्यायला आला होता. एक शब्द बोलला असता तर जमात त्या क्षणी उठली असती आणि तांडेलाच्या घराकडे पुन्हा कुणी फिरकलं नसतं.

"म्हनाले," भिकू मोठ्याने म्हणाला, "असलं नख लाखात एक. ज्याच्या नखावर असे टोचे, त्यो शंभर वर्सं जगतो, आनि त्याच्या होडीखाली मासा आपनहून येऊन झोपतो."

जमात खूश झाली. कुणी टाळीही वाजवली. तांडेलाच्या होडीला मासा लागतोच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे भिकूची ही एकच थाप अशी निघाली, की तिच्यावर आख्ख्या वाड्याने विश्वास ठेवला. डॉक्टरांनी भिकूकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "हां. साधारण असंच काहीतरी."

मग ते पुन्हा अनंताच्या कानाशी वाकले. स्वतःच्या सदऱ्याला लावलेली टाचणी काढून त्यांनी बाहीखालून, कुणाला दिसणार नाही अशी, कोपराच्या चट्ट्यावर टोचली. अनंताने "अगं आई!" करून हात ओढला.

"दुखलं ना? महारोगाचा चट्टा बधिर असतो, असं कळवळत नाहीत लोक. आणि तुमच्या नखांवरचे टोचे सांगतात ते दुसरंच. इंग्रजीत सोरायसिस म्हणतात. कुणाला लागत नाही. थाळीने नाही, मिठीने नाही. मुळापासून जात नाही, कमी-जास्त होतो. उद्या दवाखान्यात या, नीट बघतो, मलम देतो. आणि हा सदरा काढा, तांडेल. ऊन लागलेलं चांगलं असतं त्याला. झाकून उलट वाढवलंत."

अनंता कोपर चोळत राहिला, दुखतंय याचीच खात्री करून घेतल्यासारखा.

पण लोकांना नखांचा नाद लागला होता. सदाच्या शेजारून कुणीतरी हाक दिली, "डाक्तर, भिक्याचा डावा अंगठा! त्यो मुशीनं चावलेला!"

भिकूने अंगठा मुठीत लपवला. ही गोष्ट वाड्यात प्रसिद्ध होती. पौषात खोल पाण्यात मुशीने, म्हणजे मोठ्या शार्कने, भिकूचा अंगठा धरला आणि त्याने तिच्या डोळ्यात मिठाची चिमूट टाकून सोडवला. डॉक्टरांनी मूठ उघडली. अंगठ्यावर तापाची खाच होतीच, पण तिच्या पुष्कळ पुढे, टोकाजवळ, आणखी एक खडबडीत वरंबा आणि काळा डाग होता.

"हे निराळं," डॉक्टर म्हणाले. "एकाच नखावर आहे, म्हणजे मार. चार-साडेचार महिन्यांचा."

"पौस! बरोबर पौस!" लोक म्हणाले. भिकूच्या जिवात जीव आला.

"पण दाताची खूण कुठेच नाही. काहीतरी जड आणि बोथट वरून पडलंय."

मुशी बोथट नसते.

"मुसळ," बायकांच्या मागच्या रांगेतून आवाज आला. तुळशी उभी राहिली होती. "माझा हात भाजला व्हता, तवा मिरच्या ह्यानं कांडल्या. दार लावून. दोन दिवस. मुसळ अंगठ्यावर पडलं. कुनाला सांगू नको म्हनाला, म्हनून मी न्हाय सांगितलं."

बाप्यांनी जो गोंधळ केला तो समुद्रापर्यंत गेला असेल. भिकूने मान गुडघ्यांत घातली. बायका मात्र हसत नव्हत्या. त्या आपापल्या नवऱ्यांकडे बघत होत्या, आणि नवरे एकेक करून गप्प झाले.

नामा पाटलाने काठी आपटली. "आता काम. ताप खरा, ह्ये मला पटलं. पन डाक्तर, ताप कुठं आला? रानात का तमाशात?"

"नखं पत्ता सांगत नाहीत, पाटील. माझी साक्ष इथे संपली."

"मग अनंता, तू बोल. गाऱ्हानं तुझं."

अनंता हळूच उठला. त्याने भिकूकडे पाहिलं, फार वेळ. "माझं गाऱ्हानं न्हाय आता. पोरीला इचारा. ती म्हनंल ते."

सगळ्यांच्या माना तुळशीकडे वळल्या. ती पुढे आली, नवऱ्यापासून चार हातांवर उभी राहिली.

"तमाशाला गेला व्हतास?"

भिकूच्या लक्षात आलं, की अशी वेळ पुन्हा यायची नाही. आज मांडवातला प्रत्येक माणूस त्याचं खरं मानायला बसला होता. नखांनी त्याला अशी पत मिळवून दिली होती, की तो "न्हाय" म्हणाला असता तर पाटलाने तिथेच निकाल दिला असता. तमाशातली रात्र कुठल्याच बोटावर उमटली नव्हती. त्याच्या जिभेवर "न्हाय" आलं होतं, वर एक छानशी गोष्टही तयार होती, फडाच्या तंबूत शिरलेल्या वाघाची.

"गेलो व्हतो," तो म्हणाला.

"कितींदा?"

"एक रात. म्होरं बसलो व्हतो. अर्ध्यात थंडी वाजली, उठलो. सकाळी घराकडं निघालो. रानात चालवेना. पडलो."

"मग?"

"मग काय न्हाय. कातकरीन म्हातारीनं पेज पाजली. मी रडायचो. परत पेज."

"आनि?"

"आनि पेज."

तुळशी वाट बघत राहिली. मांडवही. वाघ येईना, घंटा वाजेना. भिकू नुसता उभा होता.

ती पाटलाकडे वळली. "पाटील, लग्नाला सहा वर्सं झाली. ह्यानं इतकी रटाळ गोष्ट मला कवा सांगितली न्हाय. खरीच हाय."

"म्हंजे काडीमोड नको?"

"नको. पन तमाशाचे आठ दिस घेनार मी. ताप माफ. आठ दिस बापाकडं ऱ्हाते, नववा उजाडला की येते."

"आठ दिस?" भिकू म्हणाला. "एक रात गेलो व्हतो गं."

"म्होरं बसला व्हतास ना? मागं बसला असतास तर चार घेतले असते."

पंचांनी निकाल मान्य केला. डॉक्टर चपला शोधू लागले, तेव्हा त्यांच्याभोवती हात पुढे करून पंधरा-वीस माणसं उभी होती, आणि त्यांत सगळ्यात पुढे गोदूबाई, दुसऱ्यांदा नीट बघायला लावण्यासाठी.

भिकूने सोमवारपासून एकट्याने जाळी उकळली, वाळवली, उचलली. दोरा अजून नखात अडकत होताच. पाचव्या दिवशी दुपारी गोदूबाई झाकलेलं पातेलं घेऊन आली. आत बोंबलाचं कालवण, तुळशीच्या हातचं.

"मी केलंय," गोदूबाई म्हणाली. "तिनं सांगितलंय, मी केलंय म्हनून सांग."